पीयूसीच्या पावतीवरचे दोन आकडे आणि मे महिन्यात फेल झालेली गाडी

मे महिन्यातली दुपार. माझ्या गॅरेजसमोर एक शंभर सीसीची गाडी येऊन थांबली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यापासून अठरा किलोमीटरवरच्या गावातला शेतकरी, माझा जुना गिऱ्हाईक. गाडी २०१२ ची, चार स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली. हातात पीयूसी केंद्राची पावती होती.

"भाऊ, गाडी फेल दाखवून राह्यली. काहून बाप्पा? धूर त सोडत नाही."

पावतीवर दोन आकडे होते. कार्बन मोनॉक्साइड ५.८ टक्के आणि हायड्रोकार्बन १२४० पीपीएम. त्यांच्याच शेजारी छापलेली मर्यादा होती ३.५ आणि ४५००. म्हणजे दुसऱ्या आकड्यात गाडी आरामात पास होती आणि पहिल्यात सपशेल नापास. या दोन आकड्यांच्या जोडीतच अर्धं निदान असतं, पण पावती वाचायची सोडून लोक, आणि बरेच मिस्तरीही, सरळ स्क्रू ड्रायव्हर हातात घेतात. या गाडीचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी हे आकडे म्हणजे काय ते पाहू.

मशीन नेमकं काय मोजतं

पीयूसीच्या व्हॅनमधलं मशीन म्हणजे गॅस अॅनालायझर. सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीतून ते धूर ओढतं, गाळतं, त्यातलं पाणी बाजूला काढतं आणि उरलेल्या वायूमधून इन्फ्रारेड प्रकाश सोडतं. प्रत्येक वायू या प्रकाशातला आपापला ठराविक पट्टा शोषून घेतो. किती शोषला गेला, त्यावरून मशीन ठरवतं की कार्बन मोनॉक्साइड किती आणि हायड्रोकार्बन किती.

कार्बन मोनॉक्साइड म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल. इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी गेली की कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. म्हणून "धूर त सोडत नाही" हे खरं असूनही गाडी फेल होऊ शकते.

हायड्रोकार्बन म्हणजे अजिबात न जळता तसंच बाहेर पडलेलं पेट्रोल. ठिणगी चुकली, व्हॉल्व्ह नीट बसला नाही, मिश्रण फार पातळ होऊन पेटलंच नाही, की कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधून निघून जातं. याचं माप पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. दहा हजार पीपीएम म्हणजे एक टक्का. तेव्हा ४५०० हा आकडा दिसायला मोठा वाटला तरी तो अर्ध्या टक्क्याच्याही आतला आहे.

दुचाकीच्या या तपासणीत आवाज मोजत नाहीत, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत आणि ऑइलचा निळा धूरही वेगळा मोजत नाहीत. त्यामुळे बोअर-पिस्टन झिजलेली, मागे निळा पट्टा सोडत जाणारी गाडी कधी कधी पास होते आणि चकचकीत दिसणारी फेल होते. लोकांना यात काळंबेरं वाटतं. पण मशीनला जे विचारलं आहे तेवढंच ते सांगतं.

कोणत्या गाडीला कोणती मर्यादा

मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११५ व्या नियमात दिल्या आहेत. गाडी कधी बनली यावर त्या ठरतात. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या पेट्रोल दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालतं. त्यानंतरच्या दोन स्ट्रोक गाडीला ३.५ आणि ६०००, तर चार स्ट्रोक गाडीला ३.५ आणि ४५००. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ गाड्यांना मात्र फक्त ०.५ टक्के आणि ५०० पीपीएम. ही उडी फार मोठी आहे. जुन्या गाडीत जो आकडा उत्तम म्हणून मिरवता येईल, त्याच आकड्यावर बीएस ६ गाडी फेल होते.

नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी, आणि बीएस ४ व बीएस ६ गाड्यांना दर वर्षी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. महाराष्ट्रात दुचाकीचा दर २०२२ मध्ये ३५ रुपयांवरून ५० रुपये झाला. २०२१ पासून प्रमाणपत्राचा नमुना देशभर एकच आहे. त्यावर क्यूआर कोड असतो, आणि गाडी नापास झाली तर नकाराची पावती द्यायची तरतूदही त्याच बदलात आली. ही पावती फेकू नका. मिस्तरीच्या दृष्टीने ती रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट आहे.

तपासणीला गाडी नेताना

ही तपासणी आयडलिंगला होते. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, रेस न देता इंजिन आपोआप चालतं तेव्हा. आमच्या भाषेत 'स्लो'ला. पण इंजिन गरम पाहिजे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्यातलं काही सिलिंडरच्या थंड भिंतीला चिकटतं आणि दोन्ही आकडे वर जातात. घरून केंद्र दोन किलोमीटरवर असेल तर तेवढ्याने भागत नाही. आठ-दहा किलोमीटर गाडी चालवा आणि रांगेत नंबर लागेपर्यंत इंजिन बंद करून अर्धा तास ठेवू नका. बाजाराच्या दिवशी मुळीच जाऊ नका. त्या दिवशी गर्दीत उभं राहून गाडी थंडच होते.

पोहोचल्यावर आधी चोक पाहा. हँडलवर किंवा कार्ब्युरेटरवर, जिथे असेल तिथे, तो पूर्ण बंद स्थितीत आहे ना हे बोटाने ढकलून खात्री करा. आमच्याकडे काळ्या मातीची धूळ आणि चिखल चोकच्या दांडीत बसतो. मग ती दांडी मागे आल्यासारखी दिसते, पण पूर्ण येत नाही. चोक थोडासा जरी लागून राहिला तरी कार्बन मोनॉक्साइड वाढणारच.

पद्धतीप्रमाणे मोजण्याच्या अगदी आधी मध्यम रेस देऊन पंधरा सेकंद ठेवतात आणि मग गाडी स्लोला आणतात. यामुळे सायलेन्सरमध्ये साचलेलं निघून जातं. नंतर नळी आत घालतात. ती निदान ३० सेंटीमीटर आत जायला हवी. दुचाकीच्या सायलेन्सरमध्ये आत पडदे असतात, त्यामुळे तेवढी नळी जात नाही. म्हणून नीट काम करणारा माणूस सायलेन्सरच्या तोंडाला जोडनळी लावून तीत ती घालतो. नळी नुसती टोकाला टेकवली तर एकेका ठोक्यागणिक बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि आकडा कमी येतो. सायलेन्सरला किंवा बेंड पाइपच्या जोडाला भोक असेल तरी हेच होतं. हे ओळखायचं असेल तर पडद्यावर कार्बन डायऑक्साइडचा आकडाही दिसतो का ते पाहा. चांगल्या चार स्ट्रोक इंजिनात मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडची बेरीज साधारण पंधराच्या आसपास येते. ती सहा-सातच येत असेल तर नळीत धुरापेक्षा बाहेरची हवाच जास्त जाते आहे.

मापनाला दोन-चार मिनिटं लागतात. गाडीकडे न पाहता नुसता नंबर प्लेटचा फोटो काढून कोणी कागद देत असेल, तर त्या कागदाने चलान वाचेल, पण गाडी पेट्रोल किती वाया घालवते हे कधीच कळणार नाही.

तर त्या गाडीचं झालं काय

मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन मर्यादेत, याचा अर्थ ठिणगी आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. जे आत जातं ते पेटतं, पण पेट्रोल जास्त जातं किंवा हवा कमी जाते. तेव्हा प्लग बदलून उपयोग नाही. तरी तो काढून पाहिला. टोकावर कोरडी काळी काजळी होती, हाताला पावडरसारखी लागणारी. मिश्रण गाढं असल्याची ती खूण. तेलकट ओली काजळी असती तर ऑइल वर येतंय असं समजलो असतो. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर गाडी तब्येतीने बरी.

मग एअर फिल्टर उघडला. ही गाडी पऱ्हाटीच्या शेतात जाते, कापूस वेचणीच्या दिवसांत मागे गाठोडं बांधून धुऱ्यावरून चालते. फिल्टरमध्ये माती होती आणि तिच्यावर कापसाच्या तंतूंचा पातळ थर बसला होता, गोधडीसारखा. नवीन फिल्टर टाकला. केंद्र माझ्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथला मुलगा ओळखीचा. त्याला म्हटलं, नोंद नको करू, नुसता आकडा दाखव. ५.८ चा ५.५ झाला होता.

एवढा घाणेरडा फिल्टर बदलूनही फरक एवढासाच का? कारण स्लोला इंजिन हवाच फार थोडी ओढतं. थोडी हवा चोंदलेल्या फिल्टरमधूनही निघून जाते. फिल्टरची खरी अडचण होते ती रस्त्यावर, रेस दिल्यावर. तिथे पिकअप जातो आणि अॅव्हरेज पडतं. फिल्टर बदलायलाच पाहिजे होता, पण पीयूसी फेल होण्याचं कारण तो नव्हता. 'फिल्टर साफ करा, पीयूसी पास होईल' असं जे सरसकट सांगतात, त्यांनी मशीनवर आधी-नंतरचा आकडा क्वचितच पाहिलेला असतो.

आता कार्ब्युरेटर. स्लोला किती हवा आणि किती पेट्रोल जायचं हे एक बारीक स्क्रू ठरवतो. त्याला आम्ही एअर स्क्रू किंवा मिक्चर स्क्रू म्हणतो. मी तो हळूहळू आवळत गेलो आणि किती फेऱ्यांत बसतो ते मोजलं. अर्ध्याच फेरीत बसला. या गाडीवर तो साधारण दोन फेऱ्या उघडा असायला हवा होता.

आणि मग आठवलं. जानेवारीत हा स्क्रू मीच आवळला होता.

यवतमाळकडे जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते. दूध घालायला साडेपाचला निघणारा हा माणूस तेव्हा म्हणाला होता, "भाऊ, सकाळी गाडी लागतच नाही, दहा किका माराव्या लागतात." थंड हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त, पेट्रोलची वाफ कमी. अशा वेळी मिश्रण थोडं गाढं केलं की गाडी पटकन लागते. मी दीड फेरी आवळली, गाडी एका किकेत लागली, तो खूश, मीही खूश. मे महिन्यात हवा पंचेचाळीस अंशांची झाली. तापलेली हवा विरळ असते, तेवढ्याच जागेत वजनाने कमी मावते. कार्ब्युरेटर मात्र हवेचं वजन मोजत नाही, त्यामुळे मिश्रण आणखी गाढं झालं. हिवाळ्यासाठी केलेल्या सेटिंगवर गाडी मे महिन्यात पीयूसीला गेली आणि फेल झाली. आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये काठावरच्या गाड्या नापास होतात त्यामागे बरेचदा हेच असतं.

मिक्चर स्क्रू लावण्याची पद्धत

आधी तो स्क्रू कुठे आहे ते पाहा, कारण फिरवण्याची दिशा त्यावर ठरते. स्क्रू कार्ब्युरेटरच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा. तो आवळला की हवा कमी, मिश्रण गाढं. स्क्रू इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रणाचा. तो आवळला की पेट्रोल कमी, मिश्रण पातळ. हे उलट-सुलट झालं की माणूस आकडा कमी करायला जातो आणि वाढवून बसतो. नव्या पोरांच्या हातून हे मी कितीदा पाहिलं आहे.

इंजिन पूर्ण गरम असताना स्क्रू अगदी हलक्या हाताने शेवटपर्यंत बसवा. जोर लावू नका, टोक सुईसारखं असतं आणि कार्ब्युरेटरची जागा कायमची खराब होते. किती फेऱ्यांत बसला ते कागदावर लिहा. मग कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांइतका उघडा. पुस्तक नसेल तर दीड ते दोन फेऱ्यांपासून सुरुवात करा.

स्लोचा मोठा स्क्रू वेगळा असतो. त्याने इंजिनचा वेग नेहमीपेक्षा थोडा वाढवून ठेवा. आता मिक्चर स्क्रू पाव-पाव फेरी फिरवा, आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबून कान द्या. एका जागी इंजिनचा आवाज सगळ्यात वर आणि सगळ्यात सरळ लागतो. तिथून पुढे पातळ बाजूला गेलात की ते लटपटायला लागतं, अलीकडे गाढ्या बाजूला राहिलात की जड, भरल्यासारखं वाजतं. सरळ लागलेली जागा पकडा आणि मग मोठ्या स्क्रूने वेग पुन्हा खाली आणा. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना मिनिटाला साधारण १४०० फेऱ्या ठीक असतात. शेवटी एकदा रेस देऊन सोडा. गाडी बंद पडली नाही, अडखळली नाही, तर झालं.

या गाडीचा स्क्रू दोन फेऱ्यांवर आणल्यावर आकडा ३.३ आला. मर्यादा ३.५, म्हणजे पास. गिऱ्हाईक म्हणाला, "झालं न भाऊ, कागद काढू काय?"

मी थांबवलं. काठावर पास झालेली गाडी सहा महिन्यांनी पुन्हा फेल होते. आणि बरोबर सेटिंगवरही ३.३ येत असेल तर आणखी काहीतरी आहे.

बोल्ट ठोकलेली नळी

त्या काळातल्या बऱ्याच चार स्ट्रोक गाड्यांवर एअर फिल्टरच्या डब्यातून एक रबरी नळी निघते आणि एका छोट्या व्हॉल्व्हमधून थेट एक्झॉस्टच्या तोंडाशी जाते. तिच्यातून ताजी हवा तापलेल्या धुरात मिसळते आणि इंजिनातून अर्धवट जळून आलेलं तिथे आणखी जळतं. बऱ्याच लोकांना ही नळी कशासाठी आहे हेच माहीत नसतं. रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फट-फट आवाज आला की कोणीतरी मिस्तरी ती काढून तिच्यात बोल्ट ठोकतो. आवाज बंद होतो. पीयूसीची तक्रार मात्र तिथून सुरू होते.

या गाडीच्या नळीत सहा नंबरचा बोल्ट होता, वरून तार गुंडाळलेली. हे काम माझं नव्हतं. बोल्ट काढला, नळी टोकाशी कडक झाली होती म्हणून नवीन टाकली. व्हॉल्व्हमधली पातळ पाती काजळीने चिकटली होती, ती पेट्रोलने साफ केली. बेंड पाइपच्या जोडाची गास्केटही बदलली, कारण तिथून हवा शिरत असेल तर फट-फट पुन्हा सुरू होते. खरं कारण बरेचदा तेच असतं, आणि दोष नळीला जातो.

पुन्हा मशीन. कार्बन मोनॉक्साइड २.१, हायड्रोकार्बन ६२०. आता कागद काढला.

काही जणांनी मला विचारलं आहे की तपासणीपुरता स्क्रू पातळ करून कागद काढायचा आणि बाहेर येऊन परत होता तिथे ठेवायचा, हे चालत नाही का? चालतं. मशीनला कळत नाही. पण त्या गाडीत पेट्रोल जळण्याऐवजी सायलेन्सरमधून जातं आणि ते पैसे तुमचेच असतात. या शेतकऱ्याची गाडी आधी लिटरला अठ्ठेचाळीस जात होती, नंतर छप्पन-सत्तावन्न सांगतो. त्याच्या तोंडचा आकडा आहे, मी मोजलेला नाही. तरी त्याच्या दूध घालायच्या फेऱ्या पाहता मला तो खरा वाटतो.

हायड्रोकार्बनमध्ये फेल झाली तर

ही गोष्ट वेगळी, आणि इथे मिक्चर स्क्रूला हात लावला तर बिघाडात भर पडते. मोनॉक्साइड एक-दीड टक्का आणि हायड्रोकार्बन पाच हजारांवर, अशी पावती आली की समजा, पेट्रोल पेटतच नाही. अधूनमधून एक ठोका चुकतो आणि त्या ठोक्याचं सगळं पेट्रोल कच्चं बाहेर पडतं.

आधी ठिणगी पाहा. प्लग जुना असेल तर बदला, त्याची गॅप पुस्तकाप्रमाणे ठेवा. प्लगवरची टोपी आणि तिच्यात गेलेली वायर ओढून पाहा, टोपीत वायर सैल झाली की स्लोला मिसिंग होतं आणि रेसला कळतही नाही. यात अर्ध्या गाड्या सुटतात.

उरलेल्यांत टॅपेट पाहायचे. वाजणारा टॅपेट सगळ्यांना ऐकू येतो, म्हणून न वाजणारा बरोबर असं लोक समजतात. उलट जास्त आवळलेला टॅपेट अजिबात वाजत नाही. गाडी गरम झाली की व्हॉल्व्ह लांबतो आणि टॅपेटला जागा नसेल तर तो पूर्ण बसत नाही. मग कॉम्प्रेशन गळतं आणि कच्चं पेट्रोल त्या फटीतून निघून जातं. याची घरी ओळखायची खूण अशी: सकाळी थंड गाडी एका किकेत लागते, पण पंपावर पेट्रोल भरून दोन मिनिटांनी किक मारली तर लागत नाही. टॅपेट थंड इंजिनावर, फिलर गेजने, पुस्तकातल्या मापाला लावा. अंदाजाने, बोटाने हलवून लावू नका.

आणि पेट्रोल कुठून भरता ते आठवा. पंप पंधरा-वीस किलोमीटरवर असेल तर गावात किराणा दुकानातून बाटलीचं पेट्रोल घेतलं जातं, त्यात रॉकेल मिसळलेलं असू शकतं. रॉकेलची वाफ सहज होत नाही, ते अर्धंमुर्धं जळतं, प्लगवर काजळी धरतं आणि हायड्रोकार्बनचा आकडा वर नेतं. अशा गाडीची टाकी रिकामी करून पंपावरचं पेट्रोल भरून आधी वीस-तीस किलोमीटर चालवा, मगच बाकीचं काम काढा. जुन्या दोन स्ट्रोक गाड्यांमध्ये तर ताजं मिश्रण धुराबरोबर थोडं निसटतंच, त्यांची बांधणीच तशी. म्हणून त्यांना मर्यादाही सैल आहे. त्यात ऑइल जास्त ओतलं की प्लग तेलकट होतो आणि तीही फेल होते. कंपनीने सांगितलेलं माप पुरे.

दोन्ही आकडे वर असतील तर बहुतेक वेळा मिश्रण इतकं गाढं असतं की ते पेटतही नाही. फ्लोटची सुई झिजून कार्ब्युरेटर भरून वाहतोय का पाहा. गाडी स्टँडवर लावल्यावर खाली पेट्रोलचा वास येतो, सकाळी ओला डाग दिसतो.

बीएस ६ गाडी

हिला मिक्चर स्क्रू नाही. पेट्रोल इंजेक्टरने, संगणकाच्या हिशेबाने जातं आणि धूर सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून साफ होऊन बाहेर येतो. हा कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून गरम गाडी नेण्याचा नियम इथे दुप्पट लागू. एखादी बीएस ६ गाडी फेल झाली की मी पहिल्यांदा विचारतो, किती वेळ उभी होती? पुष्कळदा दहा किलोमीटर फिरवून आणल्यावर तीच गाडी पास होते.

तरी फेल झाली तर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला आहे का पाहा. लागला असेल तर दोष बहुधा ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजेक्टरकडे आहे आणि तो स्कॅनर लावूनच कळेल. माझ्यासारख्याने पाना घेऊन बसू नये. आणि आवाजासाठी मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसवलेला असेल तर कन्व्हर्टरही त्याच्याबरोबर गेला. अशी गाडी ०.५ आणि ५०० च्या आत येणं कठीण. जुना सायलेन्सर घरी पडवीत असेल तर तो परत बसवा, भंगारात दिला असेल तर खर्चाची तयारी ठेवा.

मर्यादा चुकीची लागली असंही क्वचित होतं. आरसीवर गाडीचा उत्सर्जन मानक चुकीचा नोंदलेला असेल तर मशीन चुकीच्या मर्यादेशी तुलना करतं. पावतीवरची मर्यादा आणि तुमच्या गाडीचं वर्ष एकदा ताडून पाहा. गाडीची नोंद mParivahan अॅपमध्येही दिसते. जुळत नसेल तर दुरुस्ती आरटीओत करावी लागते, गॅरेजमध्ये नाही.

त्या गिऱ्हाईकाच्या कार्ब्युरेटरवर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून ठेवला आहे, स्क्रूची खाच आत्ता जिथे आहे तिथे. वहीत त्याच्या गाडीच्या नंबरापुढे लिहिलं आहे: मे, दोन फेऱ्या, २.१. पुढची पीयूसी नोव्हेंबरात आहे. थंडी पडायला लागल्यावर तो पुन्हा येईल, गाडी लागत नाही म्हणून. तेव्हा आधी चोक ओढून पाहायला सांगेन, मग बॅटरी आणि प्लग बघेन. स्क्रू फिरवावाच लागला तर पाव फेरीच्या वर नाही, आणि तेही वहीत लिहून.